‘आम्ही अनवाणीच पळायचो’ या भाषणाला उत्तर



शाळेच्या क्रीडादिनाला व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आमच्या वेळी कुठले बूट आणि कुठले मोजे, आम्ही अनवाणीच पळायचो आणि बक्षिसं आणायचो.’ त्यावर टाळ्या पडतात. समोरच्या रांगेतला एखादा मुलगा आपल्या पायातल्या बुटांकडे बघतो आणि त्याला उगीच ओशाळल्यासारखं होतं. मी मुलांना पळायला शिकवतो. हे वाक्य मी फार वर्षं ऐकत आलोय आणि आज त्याला उत्तर द्यायचं ठरवूनच इथे उभा आहे. हे वाक्य कष्टाचं कौतुक म्हणून बोललं जातं हे मला समजतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत या मुलांच्या पायांना मोजावी लागते.

या भाषणात ज्याचं नाव हटकून येतं त्याच्यापासूनच सुरुवात करतो. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि सुवर्णपदक जिंकला. गोष्ट खरी आहे, पण आपण ती अर्धीच सांगतो. त्याला मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून त्याने ते घातले नाहीत, आणि अनवाणी पळण्याचा त्याचा सराव आधीपासून होताच. चार वर्षांनी, 1964 साली टोकियोला तोच बिकिला पुन्हा मॅरेथॉन पळाला, पुन्हा जिंकला, आणि तेव्हा त्याच्या पायात बूट होते. टोकियोची वेळ रोमपेक्षा सुमारे तीन मिनिटांनी कमी होती. ही तीन मिनिटं बुटांमुळे वाचली असं मी म्हणणार नाही, कारण रस्ता वेगळा होता, हवा वेगळी होती आणि चार वर्षांत तो स्वतःही बदलला होता. मला एवढंच दाखवायचंय की बिकिलाने बुटांना नकार दिला नव्हता. पायाला न बसणाऱ्या बुटांना दिला होता. आज मी जे सांगायला आलोय त्याच्या बाजूनेच त्याची साक्ष पडते.

दुसरा आधार विज्ञानाचा दिला जातो. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी सहकाऱ्यांसोबत 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनवाणी पळणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर धाडकन बसणारा हादरा टळतो, असं त्यात दिसलं. अभ्यास गाजला आणि ‘बघा, बूटच वाईट’ असं जगभर बोललं गेलं. पण त्यात चवड्यावर सफाईने उतरणारी माणसं होती ती अनवाणी पळण्याची सवय असलेली, काही तर लहानपणापासून अनवाणी वाढलेली. आपली मुलं कशी वाढतात? सकाळी सात ते दुपारी एक काळे बूट, घरी गुळगुळीत फरशी, बाहेर जाताना चप्पल. वर्षभर हे चालतं, आणि मग डिसेंबरातल्या एका सकाळी आपण त्यांना मुरमाच्या मैदानावर अनवाणी उभं करून म्हणतो, पळा. तळपायाची कातडी राठ व्हायला महिने लागतात. पोटऱ्यांना आणि पावलाच्या लहान स्नायूंना तो भार उचलायची सवय लागायला त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय मैदानात सराटे असतात, मुरमाचे टोकदार खडे असतात, कधी फुटकी काच असते. मातीतल्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, हे या वयाच्या मुलांच्या आईवडिलांना सांगायची गरज नाही.

अनवाणी पळून वर आलेले खेळाडू आहेत. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ते व्यासपीठावर दिसतात म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्याच गावात, त्यांच्याच वयात, पायात काटा मोडून किंवा टाच धरून ज्यांनी पळणं सोडलं, त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून कोणी बोलावत नाही.

मात्र अनवाणी पळणं हा गुन्हा आहे असंही मी म्हणत नाही. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांतच खेळाडूला अनवाणी, एका पायात किंवा दोन्ही पायांत पादत्राण घालून उतरायची मुभा आहे. मैदान झाडून घेतलेलं असेल, मुलाला सवय असेल आणि शर्यत शंभर मीटरची असेल, तर मापात नसलेल्या बुटांपेक्षा मोकळा पाय मी कधीही पसंत करीन. म्हणजे बूट की अनवाणी, हा वादच चुकीच्या जागी मांडलेला आहे. विचारायचं ते हे, की जो बूट मूल घालतंय तो त्याच्या पायाचा आहे का.

इथे पालकांचं एक आवडतं वाक्य येतं. ‘वाढता पाय आहे, एक नंबर मोठाच घेऊ, पुढच्या वर्षीही चालेल.’ काटकसरीच्या घरातून हे येतं, म्हणून त्याला उडवून न लावता नीट तपासू या.

आपल्याकडे बुटांचे नंबर बहुतेक ब्रिटिश मापाचे असतात. त्यात एक नंबर वाढला की बूट सुमारे साडेआठ मिलिमीटरने लांब होतो. आता एक खरं उदाहरण घेतो. आठवीतली एक मुलगी, चारशे आणि आठशे मीटर पळणारी. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि दोन्ही टाचांच्या मागे फोड होते. आईचं म्हणणं, पोरगी नाजूक आहे. मी संध्याकाळी तिला कोऱ्या कागदावर उभं केलं. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि उभं अशासाठी, की अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांभोवती रेघ काढली आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजलं. डावं पाऊल 228 मिलिमीटर भरलं, उजवं 232. दोन पावलांत असा फरक असणं अगदी सामान्य आहे. माप नेहमी मोठ्या पावलाचं धरायचं.

मग तिचे बूट घेतले. मोठ्या बहिणीचे होते, सहा नंबरचे, आणि पुढे कापसाचा बोळा कोंबलेला होता. आतला सुखतळा, दुकानदार ज्याला इनसोल म्हणतो तो, बाहेर काढून मोजला तर 262 मिलिमीटर. पाऊल 232, बूट 262. तीन सेंटिमीटर मोकळी जागा. पळताना प्रत्येक पावलाला तिचा पाय या जागेत पुढेमागे सरकत होता. पुढे गेला की अंगठा बोळ्यावर आपटायचा, म्हणून नख काळं. मागे आला की टाच घासायची, म्हणून फोड. बूट निसटू नये म्हणून ती पायाची बोटं आत वळवून बूट धरून ठेवायची, त्यामुळे चवड्याने जमीन ढकलणं जमायचंच नाही. बुटाच्या वरच्या कापडावर पडलेली घडी बघितली तर ती तिच्या बोटांच्या सांध्यावर नव्हती, त्याच्या बरीच पुढे होती. बूट एका जागी दुमडत होता आणि पाय दुसऱ्या जागी. मोठा बूट ओळखायची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही.

पळण्याच्या बुटात सर्वांत लांब बोटाच्या पुढे बोटाच्या रुंदीएवढी, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर जागा हवी. एवढी असली की उतरताना आणि थांबताना बोटं पुढे आपटत नाहीत, आणि पाय काही महिने वाढायलाही जागा राहते. या मुलीच्या 232 मिलिमीटरच्या पावलाला चार नंबर बसतो. त्याची आतली लांबी साधारण 245 भरते. तीन नंबरमध्ये पुढे पाचच मिलिमीटर उरले असते, म्हणजे घट्ट. पाच नंबरमध्ये बावीस, म्हणजे सैल. एका नंबरचा फरक कानाला किरकोळ वाटतो, पण तेवढ्याने गरजेच्या जागेची दुप्पट जागा होते. कंपन्यांच्या नंबरांत आपसांत थोडा फरक असतोच, म्हणून नंबर विचारून थांबू नका. सुखतळा बाहेर काढा, मुलाला त्यावर उभं करा, टाच मागच्या कडेला लावा आणि पुढे एक बोट राहतं का ते डोळ्यांनी बघा. पाऊल बाजूने सुखतळ्याबाहेर सांडत असेल, तर लांबी बरोबर असूनही तो बूट अरुंद आहे.

ती मुलगी नाजूक नव्हती. मापाचे बूट आल्यावर फोड थांबले आणि नख हळूहळू नवं आलं. ती किती सेकंदांनी वेगवान झाली हे मी सांगणार नाही, कारण बूट वेग देतात असं मी मानत नाही. वेग सराव देतो. चुकीचा बूट तो सरावच बंद पाडतो.

काटकसरीचा हिशेब इथेच उलटा पडतो. मोठा घेतलेला बूट पहिलं वर्ष सैल असतो आणि पाय त्यात भरेपर्यंत त्याचा तळ झिजलेला असतो. मापात आला तेव्हा तो बाद झालेला असतो. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. शाळेचे बूट जूनमध्ये घेतले जातात आणि क्रीडादिन येतो डिसेंबर-जानेवारीत. दहा ते तेरा या वयात सहा महिन्यांत पाय अर्धा नंबर वाढणं काही नवल नाही. जूनमध्ये बरोबर असलेला बूट आता बोटांना टेकत असू शकतो, आणि मुलं ते सांगत नाहीत, एक तर सवय होते म्हणून किंवा घरी खर्च पडेल म्हणून. दर तीन-चार महिन्यांनी सुखतळ्यावर उभं करून बघा. पुढे पाच-सहा मिलिमीटरच उरले असतील, तर त्या बुटांत शर्यत नको.

आता कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांबद्दल. ‘शाळेच्या गणवेशातले बूट पुरेसे आहेत, पळायला वेगळे कशाला?’ कवायतीला ते पुरेसे आहेत. चाळीस-पन्नास मीटरच्या लिंबू-चमचा शर्यतीलाही आहेत. पण महिनाभर रोज संध्याकाळी कडक मैदानावर सराव करणाऱ्या मुलासाठी त्यांचा पातळ, सपाट रबरी तळ पुरत नाही. आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, आणि पोटरीचा जाड स्नायुबंध नेमका तिथेच ओढतो. पळणं एकदम वाढलं, जमीन कडक असली आणि टाचेखाली काही मऊ नसलं, की तो भाग दुखावतो. डॉक्टर याला सेव्हर्स म्हणतात. मूल टाच उचलून चवड्यावर चालायला लागतं किंवा सरावानंतर लंगडतं. अशा वेळी टाचेच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटांत धरून हलकेच दाबा. मूल कळवळलं, तर त्याला पळायला लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. हे दुखणं विश्रांतीने बरं होतं आणि कूर्चेचं हाड झालं की कायमचं संपतं. ते निव्वळ बुटांमुळे होतं असं नाही, सराव अचानक वाढवणं हे मोठं कारण आहे. पण टाचेखाली थोडा मऊ आणि थोडा उंच तळ असलेला बूट त्या जागेवरचा ताण कमी करतो, हे आम्ही मैदानावर रोज बघतो. ‘पळायचं नाही म्हणून सोंग करतोय’ असं अशा मुलाला म्हणणारे शिक्षक आणि पालक मी पाहिलेत. कृपा करून असं म्हणू नका.

महागडे बूट घ्या असं यातलं एकही वाक्य म्हणत नाही. दुकानात दोन गोष्टी करा. बूट दोन्ही हातांनी धरून वाकवून बघा. बोटं जिथे सुरू होतात तिथे तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा किंवा अजिबात न वाकणारा नको. आणि टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो लगेच चेपता कामा नये. नंतर घरी एक सवय मोडा. बहुतेक मुलं नाडी एकदाच बांधतात आणि रोज टाचेचा भाग पायाखाली दाबून पाय आत सरकवतात. महिन्याभरात मागची कड मोडते आणि टाच धरून ठेवणारं काही उरत नाही. नाडी सोडायची, पाय घालायचा, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग बोटांकडून वर नाडी ओढत आणायची आणि दुहेरी गाठ मारायची. याला एक मिनिट लागतं.

बुटांवर निदान वाद तरी होतो. मोज्यांकडे कोणी बघतच नाही, आणि क्रीडादिनाचे निम्मे फोड मोज्यांतून येतात असं माझं मत आहे.

फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. पळताना आतलं हाड पुढेमागे सरकतं, पण बाहेरची कातडी मोज्याला चिकटून जागीच राहते. त्या दोघांमधले कातडीचे थर ताणले जातात आणि शेवटी एकमेकांपासून सुटतात. तिथे पाणी भरतं, तो फोड. कातडी ओलसर असली की ती मोज्याला जास्त चिकटते. म्हणून ओला मोजा हा फोडाचा सर्वांत मोठा साथीदार. सुती मोजा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. रोजच्या वापराला तो चांगला आहे, शर्यतीला नाही. गणवेशाचा झिरझिरीत नायलॉनचा मोजा पायावर घट्ट बसत नाही, घसरतो आणि चवड्याखाली त्याची घडी होते. पळायला हवा तो पॉलिस्टर किंवा तत्सम धाग्याचं मिश्रण असलेला, पावलाला घट्ट लागून बसणारा खेळाचा मोजा. साधा चालतो, मापाचा मात्र हवा.

आता आपल्या क्रीडादिनाची सकाळ आठवा. सात वाजता मैदानावर दव असतं. मुलं संचलनाला उभी राहतात, गवतातून आणि ओल्या मातीतून चालतात, बूट आणि मोजे ओले होतात. मग भाषणं होतात, माझ्यासारखे लोक बोलतात. मुलं दोन तास त्याच ओल्या मोज्यांत बसतात आणि नऊनंतर आपण त्यांना आठशे मीटर पळवतो. फोड येणारच. यावर उपाय आहे दप्तरातली मोज्यांची दुसरी कोरडी जोडी. शर्यतीच्या वीस मिनिटं आधी बूट काढा, पाय रुमालाने पुसा, बोटांच्या फटीही पुसा, आणि ती जोडी घाला. घालण्याआधी मोजा उलटा करून बोटांजवळची शिवण बघा. ती जाड असेल किंवा धागे लोंबत असतील, तर ती करंगळीवर चावते. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच आली पाहिजे. ती वर घोट्याकडे गेली तर मोजा मोठा आहे, तळपायाखाली ओढली गेली तर लहान. शेवटी तळव्यावरून हात फिरवून एकही घडी नाही ना ते बघा. नवे बूट आणि नवे मोजे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कधीही घालू नका. आधी आठवडाभर सरावात वापरा.

आणि बिनमोज्याने बूट घालून पळणं, जे मोठी मुलं हल्ली ऐट म्हणून करतात, ते बंद करा. घाम बुटात मुरतो, बूट रात्रभरात वाळत नाही, आणि पायाच्या बोटांत खाज सुटते ती बुरशी असते.

शेवटचा आक्षेप पैशांचा आहे आणि तो खरा आहे. 2023 साली राज्य सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे द्यायचं ठरवलं. त्यासाठी विद्यार्थ्यामागे 170 रुपये धरले होते. बूट-मोजे ही शाळेची गरज आहे हे सरकारने मान्य केलं, याचं मी स्वागत करतो. पण 170 रुपयांत पळण्याचा बूट येत नाही, आणि माप न घेता आलेला बूट कितीही रुपयांचा असला तरी उपयोगाचा नाही. मोठा खर्च न करता शाळेला करता येण्यासारखं बरंच आहे. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर प्रत्येक मुलाच्या पावलाची रेघ कागदावर काढा आणि मिलिमीटर लिहून ठेवा. ज्यांचे बूट लहान झाले पण झिजले नाहीत अशा घरांतून ते मागून घ्या, सुखतळ्याची लांबी आत लिहा आणि लागेल त्या मुलाला द्या. ज्यांचा तळ एका बाजूने झिजलाय ते मात्र घेऊ नका. सरावाला आणि शर्यतीला गणवेशाच्या रंगाची अट काढून टाका. ज्याच्याकडे मापाचा बूट नाही त्याला उसना बूट घालून पळवू नका. मार्गिका झाडून घ्या, खडे वेचा आणि त्याला अनवाणी पळू द्या.

आज दुपारी पाचवी ते आठवीच्या अंतिम शर्यती आहेत. वर्गशिक्षकांनो, फक्कीच्या रेषेवर उभं करण्याआधी आपल्या वर्गातल्या प्रत्येक धावपटूचा बूट एकदा काढायला लावा, सुखतळ्यावर उभं करून बघा, आणि मोजा ओला असेल तर बदलायला सांगा.